एकोणीस नंबरचं दुकान

ही गोष्ट मी बरीच वर्षं सांगायची टाळली. कुणी विचारलं नाही हे त्याचं एक कारण. दुसरं असं की सांगायला बसलो की मी ती नेहमी शर्टांपासून सुरू करायचो. शर्टांची गोष्ट गमतीची आहे, लोक हसतात, आणि हसू ओसरेपर्यंत चहा संपलेला असतो. मग पुढचं राहून जातं. आज शर्टांच्या आधीपासून सुरू करतो.

शाळेचे गणवेश विकणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीची शेवटची चौदा वर्षं काढली. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव मिळून तीस दुकानं होती. प्रत्येक शाळेचा शर्ट वेगळा, प्रत्येक शर्टाची मापं दहा-बारा, शिवाय टाय, बेल्ट, मोजे. अशा चार हजारांच्या वर वस्तू होत्या. कुठल्या दुकानात कुठली वस्तू किती आहे याचा हिशेब माझ्याकडे असायचा. संगणक नवीन होता तेव्हापासून तो मीच सांभाळला होता. मयूर विहारला घर, ओखल्याला ऑफिस, आणि डोक्यात सतत कुठल्या तरी शर्टाचं माप.

ती आली तेव्हा माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. हिंगोलीकडची मुलगी. मुलगी म्हणतो, पण तिशी ओलांडलेली होती. स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत आली, सगळे प्रयत्न संपवले, आणि मग डेटाबेसचा कोर्स करून आमच्याकडे लागली. एक वर्षाची प्रोबेशन होती. घरून दर रविवारी फोन यायचा की आता पुरे, परत ये. तिने त्यांना सांगितलं होतं, एकतीस मार्चला नोकरी पक्की झाली नाही तर येते. हे तिने मला डबा खाताना सांगितलं होतं. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकी सगळं हिंदीत चालायचं, त्यामुळे जेवणाच्या अर्ध्या तासात ती एकदम सैल व्हायची. मला सरच म्हणायची. मी तिला तू म्हणायचो.

तिला जे काम दिलं होतं ते माझ्या जुन्या पद्धतीतली एक खोड काढायचं. ती खोड समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमच्या साठ्याच्या टेबलात, म्हणजे संगणकातल्या तक्त्यात, एक ओळ म्हणजे एक दुकान, एक वस्तू आणि तिचे नग. पण ही ओळ तयार व्हायची ती त्या दुकानात ती वस्तू पहिल्यांदा पोचली की. त्याआधी ओळच नसायची. दर सोमवारी यादी निघायची: ज्या ओळीत नग किमान संख्येपेक्षा कमी, ती वस्तू त्या दुकानाला पाठवायची. आता ज्याची ओळच नाही ते कमी तरी कसं दिसणार? इतकी वर्षं हे चालून गेलं, कारण नवं दुकान उघडलं की मी पहिला माल हाताने लिहून पाठवायचो. पण त्या हिवाळ्यात द्वारकेला दुकान उघडलं तेव्हा मी रजेवर होतो. परत आलो तर द्वारकेच्या मॅनेजरचे सहा फोन येऊन गेलेले. दुकानात फक्त रॅक होते. आणि यादी म्हणत होती, द्वारकेला काहीही कमी नाही.

ती ते बघून हसली होती. म्हणाली, "सर, सगळ्यात रिकामं दुकान, आणि यादीत सगळ्यात सुखी."

तिने काढलेला उपाय सरळ होता. एक यादी वस्तूंची, एक दुकानांची. दोन्हींचा क्रॉस जॉइन करायचा, म्हणजे प्रत्येक वस्तूची प्रत्येक दुकानाशी एकेक जोडी लावायची, कुणाचं कुणाशी नातं आहे की नाही हे न बघता. मला समजावायला तिने कागदावर उभ्या रेघा दुकानांच्या आणि आडव्या रेघा वस्तूंच्या मारल्या. जितके चौकोन तितक्या ओळी. ज्या चौकोनात आधीच आकडा आहे त्याला हात लावायचा नाही. जो रिकामा आहे त्यात शून्य घालायचं. मग कुठल्याच दुकानाबद्दल टेबल गप्प बसणार नाही. असेल तर आकडा सांगेल, नसेल तर शून्य सांगेल.

मी एक शंका काढली की द्वारकेच्या शाळेचा शर्ट नोएडाच्या दुकानात शून्य दिसला तर तोही पाठवला जाईल. तिने त्याचाही विचार केला होता. किमान संख्या विभागावरून ठरायची. शाळा पूर्वेची असेल तर पूर्वेच्या दुकानांनाच तिची किमान बारा लागे, बाकीच्यांना शून्य. आणि शून्य हे शून्यापेक्षा कमी नसतं. तेव्हा नोएडातलं ते शून्य निरुपद्रवी.

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. उपाय चांगला होता म्हणूनच आवडला नव्हता. शिवाय त्याच्या जोडीला साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, आणखी एक गोष्ट ठरवली होती. सोमवारची यादी आता छापून माझ्या टेबलावर येणार नव्हती. ती थेट गोदामात जाऊन तिथे माल पाठवायच्या चिठ्ठ्या निघणार होत्या. मधला माणूस नको. मधला माणूस म्हणजे मी.

आता एकोणीस नंबर.

खूप वर्षांपूर्वी पटपडगंजला कंपनीने एका तळघरात दुरुस्तीची खोली घेतली. तिथे तीन मास्टर, म्हणजे शिंपी, बसायचे. एखाद्या शाळेने चिन्ह बदललं, किंवा खिशावर चुकीचा बिल्ला शिवला गेला, की ते शर्ट तिथे जायचे. मास्टर जुना बिल्ला उसवून नवा शिवायचे. पण संगणकाला दोनच जागा ठाऊक होत्या, गोदाम आणि दुकान. माल तिसरीकडे पाठवायची सोयच नव्हती. तेव्हा मी एक युक्ती केली. दुकानांच्या टेबलात ती खोली दुकान म्हणून घातली. नंबर एकोणीस, नाव 'पटपडगंज २'. विभाग भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून पूर्व विभाग भरला. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

त्या युक्तीचा एक त्रास मागे राहिला. दुरुस्त झालेले शर्ट खोलीतून निघून गेले की तिथे शून्य उरायचं, आणि सोमवारच्या यादीत पटपडगंज २ ला शर्ट हवेत अशा दहा-बारा ओळी यायच्या. मी त्यांच्यावर लाल पेनाने काट मारायचो आणि यादी गोदामात पाठवायचो. दर सोमवारी. हे काम मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. चष्मा पुसावा तसं ते होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, ती माझ्या टेबलापाशी आली. हातात दुकानांच्या नावांचा कागद.

"सर, बाहेर बोर्डावर तीस दुकानं लिहिलीत. टेबलात एकतीस आहेत. सगळी दुकानंच आहेत ना?"

मी फोनवर होतो. फोन हाताने झाकून म्हणालो, "अगं, द्वारकेचं नवीन नाही का झालं? बोर्ड रंगवायला वेळ लागतो."

"म्हणजे सगळी दुकानंच. चालवू?"

"हो. मीच भरलेली आहेत ती. चालव."

ती गेली. द्वारकेचं नाव बोर्डावर महिन्यापूर्वीच चढलं होतं. मी रोज त्या बोर्डाखालून आत येत होतो.

तासाभराने ती येऊन सांगून गेली की झालं, सव्वा लाखाहून जास्त ओळी आहेत, आणि वस्तू गुणिले दुकानं हा गुणाकार एका ओळीचाही फरक न पडता जुळतोय. तिचा चेहरा उजळला होता. गुणाकार जुळणारच होता. त्याला कुठे ठाऊक होतं की एकतीसमधलं एक तळघर आहे.

संध्याकाळी मेट्रोत, गाडी यमुना बँक स्टेशन सोडून मयूर विहारकडे वळली तेव्हा, मला पटपडगंज २ आठवलं. खिडकीतून काही दिसलं म्हणून वगैरे नाही. आपोआप आठवलं, जसं गॅस बंद केला का ते आठवतं. सोमवारी माझं लाल पेन मध्ये असणार नाही. आणि आता त्या खोलीच्या दहा-बारा ओळी नव्हत्या. पूर्व विभागातल्या प्रत्येक शाळेची प्रत्येक वस्तू त्या खोलीच्या नावावर शून्य होऊन बसली होती. शेकडो ओळी, आणि प्रत्येक ओळ म्हणणार की मला बारा नग हवेत.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, आज एक चूक झाली वाटतं. तिला थोडक्यात सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, मग आत्ताच फोन करा की तिला."

"उद्या करतो. शुक्रवारची संध्याकाळ आहे, कशाला तिला त्रास."

शनिवारी केला नाही. रविवारीही नाही. इथे खोटं लिहायचं असतं तर मी लिहिलं असतं की विसरलो. विसरलो नव्हतो. दोन गोष्टी होत्या. फोन केला असता तर सांगावं लागलं असतं की मी न बघता हो म्हटलं. आणि दुसरी, जी मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही: मला थोडंसं बघायचं होतं, मधला माणूस काढला की काय होतं ते.

सोमवारी चिठ्ठ्या निघाल्या. मंगळवारी सकाळी टेम्पो पटपडगंजला पोचला. गोदामातल्या कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, त्या पत्त्यावर माल नेहमीच जायचा. चिठ्ठ्या दुकानाच्या नंबराच्या क्रमाने निघत. एकोणीस नंबराला गोदामात उरला होता तेवढा माल मिळाला, आणि चोवीस नंबराची, म्हणजे आमच्या मयूर विहारची पाळी आली तोवर पूर्वेच्या बऱ्याच शाळांचे शर्ट गोदामात संपले होते.

आता लोक हसतात तो भाग. त्या खोलीत एक रीत होती. सिझनमध्ये माल आधी यायचा आणि काय बदलायचं त्याचा कागद मागून यायचा. वेळ वाचावा म्हणून मास्टर कागदाची वाट न पाहता बिल्ले उसवायला घ्यायचे. जे या खोलीत येतं त्याचा बिल्ला चुकीचाच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिघांनी मिळून दीड दिवसात जवळजवळ पाचशे कोऱ्या करकरीत शर्टांचे बिल्ले ब्लेडने उसवून ठेवले. बुधवारी दुपारी थोरल्या मास्टरजींचा फोन आला. तो मीच उचलला.

"साहब, शर्ट तो सब उधेड़ दिए. अब ये बेल्ट और मोज़े हैं, इनमें क्या उधेड़ना है?"

पाठोपाठ मयूर विहारच्या मॅनेजरचा फोन आला की काउंटरपाशी आई-बापांची रांग आहे आणि शर्ट कुठे आहेत.

सोमवारी शाळा सुरू होणार होत्या.

साहेबांनी चार वाजता आम्हा दोघांना आत बोलावलं. ते तसे ओरडणारे गृहस्थ नव्हते. टेबलावर एक शर्ट ठेवला होता. खिशाच्या जागी चौकोनी डाग, टाक्यांची भोकं, एक दोरा लोंबता. त्यांनी तिला विचारलं की ती खोली दुकान नाही हे तुला माहीत नव्हतं का. तिने नाही म्हटलं.

"किसी से पूछा था?"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने पाहिलं, पण अगदी थोडं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. दार उघडून धरावं आणि माणसाला आधी जाऊ द्यावं, तसं ते होतं. तिची खात्री होती की मी बोलणार आहे. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. त्याच्या काठावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. तो मला आजही काढून दाखवता येईल.

ती म्हणाली, "मुझे ठीक से देखना चाहिए था, सर."

आणि मला हायसं वाटलं.

इतकी वर्षं जे सांगायचं टाळलं ते हे. चूक नव्हे. चुका मी खूप केल्या, त्या सांगायला मला लाज वाटत नाही. त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, मी श्वास सोडला आणि खुर्चीत जरा मागे टेकलो, हे सांगायची लाज वाटते.

साहेब म्हणाले की एकतीस तारखेचं पत्र आता निघणार नाही. आधी हे निस्तरा, मग तीन महिन्यांनी बघू, आणि तेव्हाही नक्की काही नाही. तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस. ती म्हणाली, "नाही सर, आधी शर्ट." आणि जाऊन बसली.

पुढच्या दोन तासांत तिने जे केलं ते मी तिच्या मागे उभा राहून पाहिलं. ज्या शून्यांनी घोळ केला होता त्याच शून्यांकडे ती गेली. आधीच्या टेबलात आम्हाला कधी कळलंच नसतं की कुठल्या दुकानात काय नाही. आता प्रत्येक चौकोन भरलेला होता. तिने दुकानांच्या टेबलात एक नवा रकाना घातला: हे दुकान आहे की नाही. एकोणीससमोर 'नाही' लिहिलं. मग विचारलं की खऱ्या दुकानांपैकी पूर्वेत कुठल्या शाळेचा, कुठल्या मापाचा शर्ट किमानाखाली आहे. एका कागदात मावेल एवढी यादी आली, सगळ्यात रिकाम्या दुकानापासून सुरू होणारी. मयूर विहार सगळ्यात वर, सातवी-आठवीची मापं. खोलीच्या नावावरच्या ज्या शून्यांच्या मागे कधीच माल आला नव्हता, त्या ओळीही तिने काढून टाकल्या.

यादी घेऊन आम्ही दोघं पटपडगंजला गेलो. तळघरात टेबलाच्या एका बाजूला शर्टांचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला उसवलेल्या बिल्ल्यांचा ढीग, सगळ्या शाळांचा एकत्र. मास्टरजी आम्हाला बघून उभे राहिले. गुन्हा आपलाच आहे असं त्यांना वाटत होतं. ती त्यांना म्हणाली की चाचाजी, तुम्ही काम बरोबरच केलंत, माल चुकीचा आला. मग तिने खाली बसून बिल्ले शाळेप्रमाणे वेगळे करायला घेतले. मीही बसलो. गुडघे कुरकुरले. मग एक मास्टर हसत म्हणाला की आयुष्यभर चुकीचे बिल्ले काढले, बरोबर काढायची ही पहिलीच वेळ. ती मोठ्याने हसली. मला तिच्या हसण्याचा इतका आधार वाटला की मी तिथेच बोलणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात मशीन सुरू झाली.

गुरुवारी, शुक्रवारी तिन्ही मशिनी यादीच्या क्रमाने चालल्या. शनिवारी दुपारी शेवटचा टेम्पो निघाला. संध्याकाळी मी घरी जाता जाता मयूर विहारच्या दुकानात डोकावलो. एक आई मुलाच्या अंगाला शर्ट लावून बघत होती. खिशावर बिल्ला होता, थोडा नवा दोरा दिसत होता, पण तो ठाऊक असलेल्यालाच दिसला असता. मुलगा म्हणत होता की मोठा होतोय. आई म्हणाली, वर्षभर चालेल. मी दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं. मॅनेजरने पाणी आणून दिलं. एकही मूल सोमवारी बिनशर्टाचं गेलं नाही.

घरून तिने तीन महिने मागून घेतले होते. जुलैमध्ये तिचं पत्र निघालं. त्या तीन महिन्यांत मी साहेबांकडे तिची खूप स्तुती केली. दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून करायचो. साहेब एकदा म्हणालेही की आप तो उसके वकील हो गए. वकील होणं सोपं होतं, साक्षीदार होणं जमलं नाही. पत्र मिळालं त्या दिवशी मी पेढे नेले. तिने घरी फोन लावला, आईशी बोलली, डोळे पुसले, आणि फोन ठेवून मला म्हणाली, "सर, तुम्ही होतात म्हणून."

मी पेढ्याचा खोका बंद करून परत उघडला.

निवृत्तीच्या आधी सगळ्या फायली तिच्या ताब्यात द्यायच्या होत्या, म्हणून एकेक उघडून बघत होतो. शून्यं भरायच्या त्या जुन्या कामाची फाइल सापडली. तिने ते काम पुढे कायमचं बसवलं होतं. नवी वस्तू आली किंवा नवं दुकान उघडलं की पुन्हा जोड्या लावायच्या, आणि ज्या नसतील तेवढ्याच घालायच्या, फक्त खऱ्या दुकानांसाठी. त्या अटीच्या वर तिने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती, इंग्रजीत, एका ओळीची. तिचा अर्थ इतकाच: १९ हे दुकान नाही. विचारून थांबू नये, स्वतः जाऊन बघावं.

विचारून थांबू नये. म्हणजे विचारलं होतं हे तिने लिहून ठेवलं होतं. कुणाला विचारलं ते लिहिलं नव्हतं. तारीख-वेळ बघितली तर त्या बुधवारचीच, साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यानंतरची.

त्यानंतर ती गुडगावच्या एका मोठ्या कंपनीत गेली. तिथे तिच्या हाताखाली माणसं आहेत असं कळलं. मला बरं वाटायचं. कुठे काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगायचो, आणि खरोखरच बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे नव्हे, तिच्यामुळे.

मागच्या हिवाळ्यात कोपर्निकस मार्गावर मराठी पदार्थ मिळतात त्या कँटीनमध्ये ती भेटली. आम्ही दोघं नवरा-बायको महिन्यातून एकदा तिथे थालीपीठ खायला जातो. ती सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मला बघून लांबूनच हात केला आणि आमच्याच टेबलावर येऊन बसली. मुलीला म्हणाली, "हे माझे पहिले सर. यांनी मला शिकवलं की जे दिसत नाही त्याचीही ओळ असावी लागते." मुलीने हिंदीत विचारलं, ओळ म्हणजे? तिने सांगितलं, लाईन. मुलगी म्हणाली, अच्छा.

हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. ते तिचंच होतं. बायको माझ्याकडे बघत होती. टेबलाखालून तिने माझ्या पायाला पाय लावला. बारा वर्षांपूर्वी कणीक मळताना जे म्हणाली होती तेच, शब्दांशिवाय.

मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं, कितीतरी वर्षं तयार होतं. ती थांबली, मान किंचित कलती करून, त्या केबिनमध्ये थांबली होती तशी. मी विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"दुसरीत, सर."

"आणि युनिफॉर्म कुठून घेता?"

ती खळखळून हसली, आम्ही सगळेच हसलो. मग थालीपीठ आलं. जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि मुलीलाही करायला लावला.

परवा बायकोने वही पुढे ठेवली आणि म्हणाली, बोलता येत नाही तर लिहा. तसं लिहितोय, आणि लिहिता लिहिता जाणवतंय की हात हलका होतोय. त्या बुधवारी जे हायसं वाटलं होतं तसं हे नाही. हे मला कुणाच्या पुढे लपवावं लागणार नाही.

ही पानं तिला पाठवायची हिंमत होईल का ते माहीत नाही. पण त्या दिवशी ग्लासावरून नजर उचलून जे म्हणायचं होतं, आणि तळघरात, पेढ्यांच्या वेळी, थालीपीठापुढे म्हणायचं राहिलं, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

साहेब, हिने विचारलं होतं. मला विचारलं होतं, आणि मी न बघता हो म्हणालो. त्याच संध्याकाळी मला आठवलं, तरी दोन दिवस मी फोन केला नाही. हिचं पत्र थांबवू नका. चूक माझी आहे. आणि तू, पोरी, तू दार धरून उभी होतीस आणि मी आलो नाही. मला माफ कर.